मुलगा बारा पूर्ण झाला की हॉटेलची खोली भरते कशी?

"आम्ही तीन रात्रींसाठी हॉटेल बुक केलंय, दोन खोल्या, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. सासू-सासरे एका खोलीत आणि आम्ही दोघं नि दोन मुलं दुसऱ्या खोलीत असं ठरलंय. बुकिंग मीच केलं, दोन्ही खोल्यांना दोन-दोन अडल्ट्स टाकले, मुलं टाकलीच नाहीत कारण मला वाटलं मुलांचं काय एवढं. आता फोन केला तर हॉटेलवाले म्हणतात मुलगा चेक-इनच्या आठवडाभर आधी बारा पूर्ण होतोय, त्याचे मोठ्या माणसाचे एक्स्ट्रा पैसे लागतील, आणि वर म्हणे तीन मोठे नि एक लहान एका खोलीत चालणार नाहीत. मुलगी साडेपाचची आहे. सासूबाई म्हणतात अकरा सांग, कोण बघतंय. सासरे म्हणतात खोलीचं भाडं दिलंय, आत किती झोपतात त्याच्याशी त्यांना काय करायचंय. त्यात नणंद पण यायचं म्हणतेय, 'मी खाली झोपेन, माझी काळजी करू नका'. नवरा म्हणतो तिथे गेल्यावर बघू. मी हॉटेलशी भांडू का? आणि घरच्यांना समजावू कसं?"

भांडू नका, पण विषय सोडूनही देऊ नका. हॉटेलने तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात आणि घरात मात्र त्या एकच धरून वाद चाललाय असं मला दिसतंय. एक गोष्ट पैशाची आहे, की मुलाचे जास्तीचे पैसे लागतील. दुसरी जागेची आहे, की त्या खोलीत एवढी माणसं राहू शकत नाहीत. पहिलीवर बोलणी होऊ शकतात, कधी थोडं कमीही करून मिळतं. दुसरीवर तुम्ही दुप्पट पैसे देते म्हणालात तरी उत्तर नाहीच येणार. पण गंमत अशी की तुमच्या बाबतीत दुसरी गोष्ट एक पैसा न देता सुटते, ते पुढे सांगते.

आधी सासऱ्यांचा प्रश्न घेऊ, कारण तो चुकीचा नाहीये, बहुतेक लोकांच्या मनात तोच असतो. भाडं खोलीचं असतं हे बरोबर, पण ते ठरावीक माणसांना धरून काढलेलं खोलीचं भाडं असतं. साध्या डबल रूमला ही संख्या जवळजवळ सगळीकडे दोन असते, हिला बेस ऑक्युपन्सी म्हणतात. साइटवर जो आकडा दिसतो तो या दोघांचा. त्यात दोघांचा पलंग, दोघांचे टॉवेल, दोघांचं पाणी, आणि तुम्ही जेवणासकटचा प्लॅन घेतलाय म्हणून दोघांचा नाश्ता नि दोघांचं रात्रीचं जेवण. तिसरं माणूस आलं की भिंती वाढत नाहीत हे खरं, पण मॅट्रेस, चादर, टॉवेल आणि मुख्य म्हणजे दोन वेळचं खाणं वाढतं. जेवणाचा प्लॅन असेल तर एक्स्ट्रा पर्सन चार्जमधला मोठा भाग खाण्याचाच असतो, त्यामुळे "तो आमच्यातच झोपेल, गादी नको" असं म्हणून ते पैसे पूर्ण जात नाहीत. सासऱ्यांना एवढंच विचारा की बाबा, नातू रोज रात्री बुफेत जेवणार आहे ना, मग ते ताट कोणाच्या हिशोबात धरायचं? मला वाटतं एवढ्याने त्यांना पटेल, कारण हिशोबाची भाषा त्या पिढीला लगेच कळते, त्यांना फक्त तो हिशोब कोणी दाखवलेला नसतो.

आता जागेचा नियम. बेस ऑक्युपन्सी वेगळी आणि मॅक्झिमम ऑक्युपन्सी वेगळी. पहिली सांगते भाडं कितीजणांचं, दुसरी सांगते खोलीत जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात. डबल रूमला ही कमाल मर्यादा बऱ्याचदा "तीन मोठे किंवा दोन मोठे आणि दोन लहान" अशी लिहिलेली असते, आणि तुम्हाला फोनवर जे उत्तर मिळालं त्यावरून तुमच्या हॉटेलचीही तशीच दिसते. हा आकडा रिसेप्शनवरच्या माणसाने मनाने ठरवलेला नसतो. खोलीचं क्षेत्रफळ, जास्तीचा पलंग टाकल्यावर दारापर्यंत मोकळी वाट राहते का, आग लागली तर त्या मजल्यावरून किती माणसं बाहेर काढायची आहेत, परवान्यात आणि विम्यात काय लिहिलंय, असं सगळं त्यामागे असतं. म्हणून एक्स्ट्रा बेडही बहुतेक ठिकाणी खोलीला एकच देतात, दुसरा मागितला तरी मिळत नाही.

आणि इथेच बारा वर्षांची भानगड आहे. मुलगा अकराचा असता तर तुमची खोली होती दोन मोठे, दोन लहान, म्हणजे बसली असती. बारा पूर्ण झाले की हॉटेलच्या लेखी तो मोठा, म्हणजे खोलीत तीन मोठे आणि एक लहान, मर्यादेच्या एकाने वर. घरात सगळे त्याच्या पैशांवर बोलतायत पण खरी अडचण त्याने अडवलेल्या जागेची आहे.

आणि आता फुकटचा उपाय, जो फोनवर तुम्हाला कोणी सांगितला नाही, आणि तुम्ही विचारलंही नसणार: तुमच्याकडे दोन खोल्या आहेत ना, मग एक मूल आजी-आजोबांच्या खोलीत टाका. ती खोली दोघांवरच आहे. मुलगी त्यांच्याकडे गेली तर तिथे दोन मोठे एक लहान, तुमच्याकडे तीन मोठे. दोन्ही खोल्या नियमात. किंवा मुलगा आजी-आजोबांकडे आणि मुलगी तुमच्याकडे, तरी तेच. पैशात काही फरक नाही, मग जे मूल रात्री शांत झोपतं ते आजी-आजोबांकडे द्या. हॉटेलला मात्र हे नावासकट कळवा, कोण कोणत्या खोलीत, कारण एक्स्ट्रा बेड त्यांना कुठल्या खोलीत लावायचा ते त्यावर ठरतं.

आकडे तुम्ही लिहिले नाहीत, म्हणून मी सोपे धरते, तुमचे खरे आकडे घालून हाच हिशोब कागदावर करा. समजा एका खोलीचं एका रात्रीचं भाडं १००. एक्स्ट्रा मोठा माणूस मॅट्रेससह ३५. म्हणजे तुम्ही मनात धरलं होतं दोन खोल्यांचे रात्रीला २००, तीन रात्रींचे ६००. खरं निघतं रात्रीला २३५, तीन रात्रींचे ७०५. हे "रात्रीला" मुद्दाम लिहिते कारण खूप लोक एक्स्ट्रा पर्सन चार्ज एकदाच द्यायचा असतो असं धरतात आणि मग चेक-आउटला बिल बघून वाद होतो. तो माणशी, दर रात्री असतो. आणि त्यावर टॅक्स वेगळा लागतो का हेही विचारून घ्या, काही जण टॅक्ससकट सांगतात, काही जण टॅक्स सोडून.

मुलीचं मी शून्य धरलंय, पण ते पक्कं करून घ्या. कारण साडेपाच हे वय अगदी सीमेवरचं आहे. पॉलिसीत "५ वर्षांपर्यंत फ्री" असं लिहिलं असेल तर त्याचे दोन अर्थ निघतात, पाचवा वाढदिवस झाला की संपलं, किंवा सहावा होईपर्यंत चालेल. हाच घोळ टाळायला हॉटेल आणि ट्रॅव्हल एजंट यांच्यातल्या रेट शीटमध्ये ५.९९ किंवा ११.९९ असे वयाचे आकडे लिहिलेले असतात, म्हणजे सहाव्या किंवा बाराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत. तुम्ही "साडेपाच" असं न सांगता जन्मतारीख सांगा आणि विचारा ही कुठल्या गटात बसते. जर ती वरच्या गटात गेली तर "चाइल्ड विदाउट बेड" नावाचा एक कमी दर असतो, वेगळी गादी न घेता आईवडिलांच्या किंवा आजीच्या पलंगावर झोपणाऱ्या मुलासाठी, तो मागा. आणि फ्री म्हणजे झोपायला फ्री, खायला फ्री असेलच असं नाही, लहान मुलाच्या नाश्त्याचे वेगळे पैसे घेणारी हॉटेलं भरपूर आहेत. तेही त्याच वेळी विचारून टाका.

आता सासूबाईंचं "अकरा सांग". त्यांचा हेतू घरचे पैसे वाचवायचा आहे हे मला कळतं, आणि "बुकिंग केलं तेव्हा तो अकराचाच होता ना" असाही मुद्दा घरात निघाला असेल. पण वय साधारणपणे चेक-इनच्या दिवसाचं धरतात, बुकिंगच्या दिवसाचं नाही. साइटवर मुलांची वयं भरायची जागा असते तिथेही मुक्कामाच्या वेळचं वय अपेक्षित असतं. एका आठवड्याने चुकतोय म्हणून हॉटेलला खरं सांगून "चाइल्ड रेट लावता का" असं विचारायला काहीच हरकत नाही, उलट मी म्हणेन नक्की विचारा, मॅनेजरच्या हातात एवढं असतं आणि ऑफ सीझन असेल तर देतातही. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांनी पैशात सूट दिली म्हणून जागेच्या मर्यादेत तो लहान झाला असं नाही, ते दोन्ही वेगवेगळं विचारा.

खोटं सांगायचं म्हटलं तर मात्र ते त्या मुलाकडून वदवून घ्यावं लागतं. रिसेप्शनवर कोणी सहज म्हणालं "कितवीत आहेस रे?" तर उत्तर त्याला द्यायचंय, नुकताच वाढदिवस झालेल्या मुलाला, सगळ्यांसमोर. मुलांचंही ओळखपत्र मागणारी हॉटेलं आहेत, आणि त्यावर जन्मतारीख असतेच. तिथे पकडलं गेलं तर ३५ वाचवायला गेलेल्या माणसाला हॉटेलवाले काउंटरवर सांगतील तो दर द्यावा लागतो. सासूबाईंना हे उपदेशासारखं सांगू नका, फक्त म्हणा की आई, मी खरं सांगूनच सवलत मागते, मिळाली तर बरंच, नाही मिळाली तर रात्रीचे ३५ जातील, पण पोराला तिथे उभं करून बोलायला नको. माझा अंदाज आहे की आजीला हे मुलाच्या बाजूने सांगितलं की लवकर पटतं.

आता नणंदबाई. त्यांचं "मी खाली झोपेन" ऐकायला किती समजूतदार वाटतं, पण त्या पैशाच्या प्रश्नाला उत्तर देतायत आणि अडचण जागेची आहे. मघाचीच मांडणी बघा, तुमच्या खोलीत तीन मोठे, ती भरली. दुसऱ्या खोलीत सासू-सासरे आणि मुलगी. नणंद तिथे गेली तर तीन मोठे आणि एक लहान, परत वर. मुलगी इकडे आणली तर इकडे वर. कसंही फिरवा, सहा मोठे आणि एक लहान, दोन खोल्यांत मावत नाहीत. आणि न सांगता नेऊ म्हणाल तर नाश्त्याला खोली नंबर विचारून माणसं मोजतात, तिथेच कळतं. शिवाय रात्री मुक्काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंद हॉटेलला ठेवावी लागते, न नोंदवलेलं माणूस राहिलं तर त्या रात्रीपुरते पैसे लावतील किंवा सरळ राहू देणार नाहीत, आणि तो अपमान सगळ्यात जास्त नणंदेच्याच वाट्याला येईल.

मग तिसरी खोली? घरात हे म्हटल्यावर लगेच "बापरे, एका माणसासाठी आख्खी खोली" असं होणार. थांबा, हिशोब नीट करू. नणंद एकटी तिसऱ्या खोलीत गेली तर रात्रीला २३५ अधिक १०० म्हणजे ३३५. पण मुलाला आत्याच्या खोलीत झोपवलं तर काय होतं बघा. सासू-सासरे एका खोलीत, तुम्ही दोघं आणि मुलगी दुसऱ्या, आत्या आणि भाचा तिसऱ्या. तिन्ही खोल्यांत भाड्यात धरलेली दोनच मोठी माणसं, मुलगी फ्री. मुलाचा ३५ चा एक्स्ट्रा चार्ज गायबच झाला, त्याचं जेवण नाश्ता त्या खोलीच्या भाड्यात आलं. रात्रीला ३००. म्हणजे आत्या येण्याने वाढले ६५, १०० नाही. आणि जरी हॉटेलने उदार होऊन दोन खोल्यांतच सगळ्यांना कोंबायला परवानगी दिली असती, तरी दोन एक्स्ट्रा धरून २७० झालेच असते, म्हणजे ३० साठी सातजणांना दोन बाथरूम. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचं असतं तेव्हा त्या तिसऱ्या बाथरूमची किंमत कळते!

मुलाला आधी विचारा मात्र, आणि आत्यालाही. बारा वर्षांच्या मुलाला आत्याबरोबर राहायला आवडेलही किंवा नकोही वाटेल. एक नियम इथे लक्षात ठेवा, प्रत्येक खोलीत किमान एक सज्ञान माणूस लागतं असं बहुतेक हॉटेलांचं असतं, आत्या आहे म्हणून इथे प्रश्न नाही, पण मोठी भावंडं "आम्हाला वेगळी खोली द्या" म्हणतात तिथे हा नियम आडवा येतो, कागदावर तेव्हा आई एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या खोलीत असं दाखवावं लागतं. अशांनी कनेक्टिंग रूम मागावी, म्हणजे आतून दार असलेली. नुसत्या शेजारशेजारच्या खोल्या वेगळ्या, त्यांना आतून दार नसतं, बुकिंग करताना हे दोन्ही एकच समजून लोक फसतात.

तुमच्या नवऱ्याचं "तिथे गेल्यावर बघू" हेच मला यात सगळ्यात महाग वाटतं. आज तुमच्याकडे वेळ आहे, खोल्या शिल्लक असतील, कॅन्सलेशनची मुदत असेल. चेक-इनला सामान आणि दमलेली मुलं घेऊन उभं राहिल्यावर यातलं काहीच नसतं. व्हाउचरवर "२ अडल्ट्स" लिहिलंय म्हणजे हॉटेलने तेवढ्यांचंच कबूल केलंय, त्यापेक्षा जास्तीचं माणूस नाकारायचा त्यांना हक्क आहे, आणि खोल्या फुल असतील तर ते नाकारतीलच.

म्हणून या आठवड्यात हे करा. फोन नको, ईमेल किंवा बुकिंग साइटच्या मेसेजमधून लिहा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. साधारण असं लिहा: "आमचं बुकिंग दोन खोल्यांचं, तीन रात्री, नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह आहे. खोली एक: दोन मोठे आणि एक मुलगी, जन्मतारीख अमुक. खोली दोन: दोन मोठे आणि एक मुलगा, जन्मतारीख अमुक, एक एक्स्ट्रा बेड. दोन्ही खोल्यांत एवढी माणसं चालतील का? एकूण जास्तीची रक्कम टॅक्ससह, तीन रात्रींची, कळवा. मुलीच्या नाश्ता-जेवणाचे वेगळे पैसे आहेत का? आणखी एक मोठी व्यक्ती येणार असेल तर तिसऱ्या खोलीचा आजचा दर काय?" उत्तर आलं की बदललेलं व्हाउचर मागा. नुसतं "ओके मॅडम" वर थांबू नका, रात्रपाळीच्या माणसाला दिवसपाळीचं ओके माहीत नसतं.

साइटवर जाऊन स्वतः बदल करण्याआधी एक बघा, बदल केला की काही साइट्स पूर्ण बुकिंग आजच्या दराने परत काढतात. दर वाढले असतील तर जुनं बुकिंग हलवू नका, जास्तीची माणसं हॉटेलकडूनच त्यावर चढवून घ्या. आणि नवीन काही कन्फर्म झाल्याशिवाय जुनं कॅन्सल तर अजिबात करू नका. पुढच्या वेळी सर्च करतानाच मुलांची वयं भरा, मग खोल्याही तेवढ्या माणसांना मावणाऱ्याच दिसतात. तरी खाली बारीक अक्षरात "एक्स्ट्रा बेडचे पैसे हॉटेलमध्ये भरावे लागतील" असं आहे का ते वाचा, बऱ्याचदा एकूण रकमेत ते धरलेले नसतात. तीन बेडची ट्रिपल रूम असेल तर तिचा दरही बघा, कधीकधी डबल अधिक एक्स्ट्रा बेड यापेक्षा ती स्वस्त पडते आणि झोपायला घडीचा पलंग नाही, नीट बेड मिळतो.

आणखी दोन गोष्टी, बाकीच्या वाचकांसाठी. तान्हं बाळ असेल तर पाळणा आधी मागून ठेवा, हॉटेलात ते मोजकेच असतात, आणि काही ठिकाणी बाळही कमाल संख्येत धरतात. एकटी आई किंवा एकटे बाबा मुलाला घेऊन जात असतील तर भाडं मुळात दोघांचं असल्याने पहिल्या मुलाचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे लागत नाहीत, कोणी लावले तर का लावले ते नक्की विचारा.

घरच्यांना एकेकाला गाठून समजावत बसू नका, तीच गोष्ट चारदा सांगताना चार वेगवेगळी होते. हॉटेलचं लेखी उत्तर आलं की फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज टाका: कोण कोणत्या खोलीत, दोन खोल्यांचा एकूण खर्च इतका, आत्या आली तर तीन खोल्यांचा इतका, फरक इतका, आणि रविवारपर्यंत ठरवायचंय कारण फ्री कॅन्सलेशनची शेवटची तारीख ही आहे. वर हॉटेलच्या उत्तराचा फोटो लावा, म्हणजे नियम सुनेने काढलेला नाही हे न बोलता दिसेल. आत्याचे वाढलेले ६५ कोणी द्यायचे तेही त्याच मेसेजमध्ये विचारा, "बघू नंतर" वर ठेवू नका. उत्तरं येतील ती येऊ देत, रविवारी संध्याकाळी तुम्ही हॉटेलला फायनल आकडा कळवून टाका.